खुणेच्या भरवशावर निकाल देऊ नका

यंत्राने लिहिलेल्या मजकुरात अदृश्य खूण असते, ती तपासली की लबाडी उघडी पडते, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी ती खूण कशी उमटते हे आधी समजून घ्यावे. ते न समजता ही मंडळी विद्यार्थ्यांच्या निबंधांचा न्याय करायला बसतात, याची मला चीड आहे.

या मजकुरात कुठलेही गुप्त अक्षर दडवलेले नसते. खूण असते ती शब्दांच्या निवडीत. मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली मांडलेली पद्धत घ्या. भाषेचे मॉडेल मजकूर तुकड्यातुकड्याने लिहिते. या तुकड्याला टोकन म्हणतात. पुढचे टोकन निवडण्याआधी, मागचे टोकन आणि कंपनीकडची गुप्त किल्ली यांच्यावरून सगळ्या शब्दसंग्रहाची हिरवी आणि लाल अशी वाटणी होते. दर टोकनाला वाटणी नव्याने होते. मग हिरव्या टोकनांचे पारडे किंचित जड केले जाते. वाचणाऱ्याला काही जाणवत नाही, पण किल्ली असलेला तपासनीस हिरवी टोकने मोजू शकतो.

समजा २०० टोकनांचा मजकूर आहे आणि वाटणी निम्मी-निम्मी आहे. माणसाने लिहिले असेल तर सुमारे १०० हिरवी निघतील. त्यात साधारण ७ चा चढउतार नेहमीचा. १४० निघाली, तर फरक त्या चढउताराच्या साडेपाच पटींहून जास्त झाला. संशोधकांनी मर्यादा ४ पटींची ठेवली होती. तेवढा फरक माणसाच्या लिखाणात निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता साधारण ३० हजारांत एक. इथवर गणित चोख आहे, आणि ते मी नाकारत नाही.

आता तोच मजकूर घेऊन कोणी अर्ध्या भागाची वाक्ये आपल्या शब्दांत फिरवली. न बदललेल्या १०० टोकनांत ७० हिरवी उरली, नव्या १०० मध्ये योगायोगाने ५० आली. बेरीज १२०, म्हणजे फरक जेमतेम २.८ पट. निकाल: संशय नाही. त्यातही मी हिशेब तपासनिसाच्या बाजूने झुकता ठेवला आहे, कारण वाटणी मागच्या टोकनावर बेतलेली असल्याने एक शब्द बदलला की त्याच्या पुढच्या शब्दाचीही वाटणी बदलते. आणि मूळ इंग्रजी मजकूर मराठीत उतरवला तर? ती टोकनेच उरत नाहीत, मग मोजणार काय? म्हणजे पकडला जातो तो फक्त जसेच्या तसे चिकटवणारा आळशी माणूस. पाच मिनिटे खर्च करणारा सुटतो.

दुसरी अडचण आपल्या लिपीला जास्त जाचते. निवडीला वाव असेल तरच खूण उमटते. ‘भारत १५ ऑगस्ट १९४७ रोजी’ यानंतर ‘स्वतंत्र’ हाच शब्द येणार; तो लाल यादीत पडला तरी शहाणे मॉडेल तोच लिहील. संगणकात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते. त्यातला पहिला बाइट कायम E0, दुसरा A4 किंवा A5. मॉडेल जिथे मराठी शब्द असे बाइटपर्यंत फोडते, तिथे दोन तृतीयांश टोकने जवळपास आधीच ठरलेली असतात. टोकनांची संख्या फुगते, खूण मात्र विरळ होते. इंग्रजीवर पारखलेली मर्यादा मराठी निबंधाला लावणारा माणूस चुकीच्या मापाने मोजतो आहे.

उलटा धोका याहून वाईट. झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवले की खूण असलेल्या मॉडेलला प्रश्न विचारत राहून, ५० डॉलरपेक्षा कमी खर्चात, तिचे नियम अंदाजाने काढता येतात. मग खूण पुसता येते आणि दुसऱ्या मजकुरावर उमटवताही येते. बदनामीचा मजकूर स्वतः रचायचा आणि त्यावर भलत्याच कंपनीचा शिक्का मारायचा, हे त्यामुळे शक्य झाले. शिवाय ज्या मॉडेलची फाइल कोणीही उतरवून आपल्या संगणकावर चालवू शकतो, तिथे खूण उमटवणारा भाग बंद करायला कोण अडवणार?

गूगलच्या सिंथआयडी या खुणेची पद्धत वेगळी आणि गणित अधिक नाजूक आहे, पण किल्ली तिथेही लागतेच. आपल्याकडे महाविद्यालयांना विकली जाणारी ‘एआय ओळखणारी’ सॉफ्टवेअर बहुतेक वेळा कुठलीही खूण तपासतच नाहीत. त्यांच्याकडे कुठल्याच कंपनीची किल्ली नसते. वाक्ये फार सरळसोट आहेत का, यावरून ती अंदाज बांधतात आणि तो अंदाज टक्क्यांत छापतात. नीटनेटके, पाठ्यपुस्तकी इंग्रजी लिहिणारी तालुक्याच्या गावची मुलगी त्यात हमखास सापडते. तिला नापास करणाऱ्या प्राध्यापकांना माझे सरळ प्रश्न आहेत: कुणाची किल्ली वापरली? टोकने किती मोजली? त्यात हिरवी किती निघाली? याची उत्तरे नसतील तर तो अहवाल फाडा आणि तिला समोर बसवून तिच्या निबंधावर चार प्रश्न विचारा.