तीनशे रुपये भाडं आणि एक पोटमाळा

महाडच्या बाजारपेठेतला आमचा गाळा वडिलांनी ज्यांना दिला, त्यांचा मुलगा आज तिथे बसतो. भाडं महिना तीनशे. पोलादपूरहून ते आणायला जायचं तर एसटीचं तिकीट आणि दोन चहा वजा करावे लागतात. आम्ही घरातली माणसं वर्षानुवर्षं एकच वाक्य बोलत आलो: ‘आजूबाजूला काय भाव चाललाय बघा!’ ते खरं असलं तरी भाडेकरूपुढे ठेवण्याजोगा प्रस्ताव त्यातून निघत नाही.

कारण जुन्या भाड्याला बाजारभाव लागत नाही. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाणित भाडं जुन्या पातळीवर गोठवलं होतं. हे गोठवणं आता अवाजवी झालं आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1997 मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सांगितलं. त्यानंतर 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि 31 मार्च 2000 पासून मालकाला वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली. तीनशेवर चार टक्के म्हणजे बारा रुपये. दरवर्षी वाढत्या भाड्यावर हिशेब धरला तरी दहा वर्षांनी 444 होतात. बरं, परवानगीपेक्षा जास्त भाडं दोघांच्या राजीखुशीने ठरवलं तरी कायद्यापुढे त्याला आधार नाही. ‘शेठ, आपसात हजार करून टाकू’ हा तोंडी व्यवहार त्यामुळेच कच्चा. भाडेकरूने उद्या जादा रक्कम थांबवली, तर मालकाच्या हातात काही राहत नाही.

हा कायदा परिशिष्टात नोंदलेल्या भागांनाच लागू होतो, हे आधी पाहावं. जे गाव त्यात नाही, तिथला व्यवहार 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने आणि करारानेच चालतो. आमच्या वकिलांनी परिशिष्ट पाहिलं. गाळा नियंत्रणाखाली निघाला.

मग वाट त्यांनीच दाखवली. भाडेकरूंच्या लेखी संमतीने (अनेक असतील तर सत्तर टक्क्यांच्या) जागेत सुधारणा केली, तर तिच्या खर्चाच्या वर्षाला पंधरा टक्क्यांपर्यंत वाढ भाड्यात घालता येते. संमती आधी आणि काम नंतर, हा क्रम चुकला की हक्कही डळमळतो.

आणि महाडात सुधारणा कोणती, हे विचारायलाच नको. जुलै 2021 मध्ये सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा दुकानांतला माल चिखलात गेला. आमच्या भाडेकरूने चिखल स्वतः उपसला, शटर स्वतः बसवलं. मालकाने दुरुस्ती टाळली, तर नोटीस देऊन भाडेकरू ती करू शकतो, पण भाड्यातून वर्षाला एक चतुर्थांशच वळतं करता येतं. आमच्या भाड्याचे नऊशे रुपये! शटरचं बिल वळतं व्हायला किती वर्षं लागतील, याचा हिशेब त्याने मला ऐकवला. खरं सांगायचं तर कमी भाड्याचा फटका त्यालाही बसतो. मालक छपराकडे वर बघतच नाही.

म्हणून प्रस्ताव असा ठेवला. लोखंडी गर्डरवर मजबूत पोटमाळा, 2021 च्या पाण्याच्या खुणेच्या वर, आणि विजेचा बोर्डही वर. खर्च माझा, ऐंशी हजार. पंधरा टक्क्यांनी वर्षाला बारा हजार, म्हणजे महिना हजार. पण एकदम हजार मागायचे नाहीत: पहिल्या वर्षी चारशे, दुसऱ्या वर्षी सातशे, तिसऱ्यापासून पूर्ण हजार. मूळ तीनशेवरची चार टक्के वाढ वेगळी. तिसऱ्या वर्षी भाडं तेराशेच्या थोडं वर जाईल. आजूबाजूचा भाव तरीही लांबच, पण हा आकडा न्यायालयात टिकणारा आहे.

त्याला भीती आकड्याची नव्हतीच. ‘दादा, नवा कागद केला की जुना हक्क गेला, असं उद्या म्हणाल.’ बरोबर आहे. अशा कागदांनी लोक फसलेत. म्हणून संमतीपत्रात पहिलंच कलम घातलं: जुनी भाडेदारी आहे तशीच चालू, हा नवा भाडेकरार नव्हे. भाडेपावतीवर मूळ भाडं आणि सुधारणेची वाढ दोन वेगळ्या ओळींत येईल, म्हणजे चार टक्के हजारावर लावायचा मोह मलाही होणार नाही. गर्डर, वेल्डिंग, मजुरी यांची बिलं त्याला दाखवायची. खर्च सत्तर हजारच आला, तर वाढही त्या प्रमाणात कमी.

घरी यावर कुरकुर झाली. भाडं घेणंच बंद करा, म्हणजे तो वठणीवर येईल, असा एक सल्ला आला. मालकाने नाकारलेलं भाडं मनीऑर्डरने येतं किंवा न्यायालयात जमा होतं, आणि भाडेकरू द्यायला तयार होता हे आपल्याच नकारातून सिद्ध होतं. तो मार्ग मी बाजूला ठेवला.

सही करण्याआधी त्याने एक अट घातली. काम मे अखेरपर्यंत पुरं झालं नाही, तर त्या वर्षी वाढ नाही. पावसाळा गेल्यावर मिळालेल्या माळ्याचे पैसे तो कशाला देईल? मी ती अट त्याच्याच शब्दांत लिहून घेतली आणि वेल्डरला फोन लावला.