शुगरचा व्हिडिओ करायचा तर एकाच पातेल्याचा करा

शुगरच्या जेवणाचे जे व्हिडिओ आपल्या मोबाइलवर फिरतात ते दोन तऱ्हेचे. एकात ओट्स, ब्राऊन राईस आणि कसल्या कसल्या महागड्या बिया. दुसऱ्यात कुणीतरी सांगतो की अमुक पाला एकवीस दिवस खा, गोळी सुटेल. पहिला दापोडीच्या किंवा निगडीच्या ओटा स्कीममधल्या घराला परवडत नाही आणि दुसरा जिवावर बेततो. म्हणून वस्तीतल्या महिला मंडळांनी आणि पोरांनी आपला व्हिडिओ आपणच करावा, असं आम्हाला वाटतं. पाच मिनिटं पुरेत. पण त्याची संहिता लिहिताना दोन गोष्टी सांभाळा. स्वयंपाक साऱ्या घराचा एकच असावा आणि बोलताना आपण डॉक्टर होऊ नये.

एकच स्वयंपाक का? शुगरवाल्यासाठी वेगळं शिजवणं चार दिवस टिकतं. आणि शुगर घरातल्या बाईलाच असेल तर ती स्वतःसाठी वेगळं कधीच करत नाही. दुसरं कारण पुण्यातलंच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास करत आहेत. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो भरलं, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. बाळं किरकोळ, पण वजनाच्या मानानं अंगात चरबी जास्त. तेव्हा ‘तो तर काडीसारखा, त्याला कुठली शुगर’ हे म्हणणं खरं नाही. ताट बदलायचं ते सगळ्यांचंच.

आता संहिता. समजा, घरात पाच माणसं आहेत. आजीला शुगर आहे, गोळी चालू आहे. मुलगा चाकणला सेकंड शिफ्टला जातो. सून आहे, दोन पोरं आहेत. रात्रीचा बेत नेहमीचा: ज्वारीच्या भाकऱ्या, पातेलंभर भात, पातळ वरण आणि बटाट्याचा रस्सा. कॅमेरा आधी हेच दाखवू दे. मग सून बोलते:

‘भात तोच, पण तांदूळ निम्मे घेतले. डाळ एक वाटी टाकायचे, आज दोन वाट्या टाकली, वरण घट्ट केलं. रश्शातले निम्मे बटाटे काढून चवळीची भाजी घातली. आणि कांदा-काकडी चिरली.’

मग ताट. निम्म्या ताटात भाजी आणि काकडी. उरलेल्या निम्म्याचे दोन भाग: एकात वरण, उसळ, अंडं किंवा मासळी, दुसऱ्यात भाकरी किंवा भात. दोन्ही हवेच असतील तर अर्धी भाकरी आणि अर्धी वाटी भात. आधी भाजी आणि वरण खायचं, भात शेवटी. पोरांच्या ताटात भाकरी वाढवा, वाढत्या वयात उपाशी ठेवायचं नाही. गरोदर बाईचंही तेच. पातेलं एकच, फक्त वाढताना हात बदलतो.

भाकरीबद्दल संहितेत स्पष्ट लिहा, कारण सगळ्यात मोठा घोटाळा तिथेच होतो. ‘भाकरी चालते’ असं ऐकून माणसं दोनाच्या तीन खातात. ज्वारीत कोंडा असतो आणि भाकरीनं पोट भरल्यासारखं वाटतं, हे खरं. पण भाकरीनंही साखर वाढते. एका मोठ्या भाकरीला जेवढं पीठ लागतं, तेवढ्यात साधारण दोन चपात्या होतात. व्हिडिओत परातीशेजारी वाटी ठेवा आणि पीठ मोजून दाखवा. गुळाचंही तसंच. साखरेऐवजी गूळ घातला म्हणजे चहा बिनसाखरेचा होत नाही. दिवसाला चार चहा आणि प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे आठ चमचे साखर. आठवड्यागणिक अर्धा अर्धा चमचा कमी केला तर जिभेला कळतही नाही.

डाळ महाग आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. रेशनचा तांदूळ स्वस्त आणि डाळीचे पैसे रोख, म्हणून तर ताटात भाताचा ढीग होतो. मटकी, हुलगे आलटून पालटून घ्या. मोड आल्यावर मटकी वाटीची दोन-तीन वाट्या दिसते, पण पोषण मूळ वाटीएवढंच, हे विसरू नका. सुकट, अंडी, अंबाडी, तांदुळजा हे आपल्याच घरातलं. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या दलित घरांचं जेवण कागदावर आणलं, पण भिंतीवरच्या आहारतक्त्यांत ते अजून फारसं दिसत नाही. सुकट-बोंबलाचं मीठ मात्र धुऊन कमी करा, कारण शुगरवाल्याला पुष्कळदा बीपीही असतो.

कॅन्टीनचं एक दृश्य हवंच. तिथं भात हवा तेवढा मिळतो आणि जेवायला वेळ थोडा. मुलानं उसळ दोनदा घ्यावी, भात एकदाच. घरी यायला मध्यरात्र होते, तेव्हा झाकून ठेवलेल्या ताटातही भाजी आणि वरणच जास्त असू द्या.

आता शब्द. ‘यानं शुगर बरी होते’, ‘गोळीची गरज नाही’, ‘शंभर टक्के गुण’ ही वाक्यं लिहिलीच तर खोडा. मधुमेह बरा करतो असं सांगून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या जादुई उपचारांविरुद्धच्या कायद्यानं बंदी आहे. आपण जाहिरात करत नसलो तरी तीच भाषा आपल्या तोंडी शोभत नाही. कारलं भाजी म्हणून दाखवा, औषध म्हणून नको. त्याऐवजी म्हणा: ‘आमच्या घरी आम्ही असं वाढतो. तुमची गोळी, इन्सुलिन, वेळ आणि प्रमाण तुमच्या डॉक्टरांना विचारा.’ किडनीचा त्रास असेल तर डाळ किती, हेही त्यांनाच विचारायचं.

हे शेवटी बारीक अक्षरात टाकू नका, सुनेच्या तोंडून सुरुवातीलाच येऊ द्या. कारण गोळी तीच ठेवून आजीचा भात एकदम निम्मा केला तर साखर फार खाली जाऊ शकते. काही गोळ्यांनी आणि इन्सुलिननं हे होतं. घाम सुटतो, हात थरथरतात, एकदम भूक लागते, बोलणं अडखळतं. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायला द्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या, मग जेवण. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. रिकाम्या पोटी ओव्हरटाइम करणाऱ्यालाही हाच धोका आहे. पौर्णिमेला अष्टशील घेऊन दुपारनंतर न जेवणाऱ्या आयाबायांनाही. शुगरची गोळी चालू असेल तर आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारा आणि विहारात तसं आधीच सांगून ठेवा.

व्हिडिओ पाठवण्याआधी संहिता पिंपरीच्या वायसीएममध्ये किंवा जवळच्या मनपा दवाखान्यात दाखवा. डॉक्टरांनी एखादं वाक्य खोडलं तर ते खोडलेलंच ठेवा. कॅमेऱ्यासमोर सून बोलेल, पण आजीलाही बसवा. तिला भात किती कमी जमतो, ते तिनंच सांगावं.