गणपतीच्या आधी ठरवायची तारीख

येत्या १४ सप्टेंबरला, सोमवारी, गणपती बसतील आणि २५ तारखेच्या शुक्रवारी अनंत चतुर्दशी आहे. ‘सप्टेंबरअखेर देतो’ असे शब्द सध्या अनेक कार्यालयांतून ग्राहकांना दिले जात आहेत. ते पाळले जातील की नाही, हे कामाच्या अवघडपणापेक्षा कोण कोणत्या वारी जागेवर असेल यावर अधिक ठरते. हा हिशेब मात्र तारीख कबूल झाल्यानंतर मांडला जातो आणि त्याचा भुर्दंड शेवटी कोणाच्या तरी सणावर पडतो.

पुण्यातल्या एखाद्या सॉफ्टवेअर कार्यालयातला पाच जणांचा गट घ्या. ७ ते २५ सप्टेंबर हे तीन आठवडे. शनिवार-रविवार वगळून पंधरा दिवस, पाच माणसे, म्हणजे पंचाहत्तर दिवसांचे काम, असा सरळ गुणाकार होतो. आता गणेश चतुर्थी आणि अनंत चतुर्दशीच्या सुट्या काढा. प्रत्येकाचे तेरा दिवस उरतात. गटातला एक जण कोकणातला. तो ११ तारखेला निघणार आणि गौरी-गणपती विसर्जन करून २१ ला कामावर येणार. सुटीचा सोमवार सोडून त्याची रजा पाच दिवसांची, म्हणून त्याचे दिवस आठ. एक जण रोज अर्धा वेळ येतो, त्याचे साडेसहा. चाचणी करणाऱ्या बाई सोमवार, बुधवार, शुक्रवार येतात, त्यांचे सात. उरलेल्या दोघांचे सव्वीस. बेरीज साडेसत्तेचाळीस. पंचाहत्तरातले साडेसत्तावीस दिवस कोणी आजारी न पडताच गेले.

चाचणीवाल्या बाईंचे दिवस टक्केवारीने काढले असते, तर तेराच्या साठ टक्के म्हणजे जवळजवळ आठ आले असते. प्रत्यक्षात सातच आहेत, कारण दोन्ही सुट्या त्यांच्याच वारांवर येतात. मंगळवार-गुरुवार येणाऱ्या माणसाचा याच काळात एकही दिवस बुडत नाही. अर्धवेळ काम करणाऱ्याची नोंद म्हणूनच टक्क्यांत ठेवू नये, वारांत ठेवावी. नियोजनाच्या तक्त्यात प्रत्येकाला स्वतःची दिनदर्शिका हवी, ती याच कारणासाठी.

तरीही एकूण बेरजेवरून तारीख निघत नाही. ती निघते ज्याच्या हातून काम पुढे सरकते त्याच्या दिवसांवरून. समजा, बांधणी शुक्रवारी, १८ तारखेला संध्याकाळी संपली आणि चाचणीला पाच दिवस लागतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सुट्या न पाहता पुढचे पाच कामाचे दिवस मोजले, तर २५ तारीख येते. बाईंचे दिवस मोजून पाहा: २१, २३, मग २५ ची सुटी, २८, ३०, मग २ ऑक्टोबरची गांधी जयंती, तीही शुक्रवारीच. पाचवा दिवस उजाडतो ५ ऑक्टोबरला. हीच मोजणी एक्सेलमध्ये अशी होते:

```
=WORKDAY.INTL(DATE(2026,9,18),5,"0101011",H2:H10)
```

अवतरणातले सात अंक सोमवारपासूनचे वार दाखवतात. एक म्हणजे न येण्याचा दिवस. H2 ते H10 या घरांत सुट्यांच्या तारखा भरायच्या, आणि त्या खरोखर तारखाच असाव्यात, मजकूर नव्हे. उत्तर क्रमांकात आले, तर त्या घराला तारखेचे स्वरूप द्यावे.

काम २४ ला द्यायचेच असेल, तर उलटे मोजावे लागते: २३, २१, १८, १६, ११. म्हणजे बांधणी गुरुवारी, १० तारखेला संपायला हवी, कोकणातला सहकारी निघण्याच्या आदल्या दिवशी. तीन आठवड्यांच्या कामात बांधणीला चारच दिवस मिळतात, हे आज कळले तर कामाचा आवाका कमी करता येतो, किंवा ग्राहकाशी ५ ऑक्टोबरची तारीख मोकळेपणाने बोलता येते. १९ तारखेला कळले तर यातले काहीच उरत नाही. ग्राहक अमेरिकेतला असेल, तर ७ सप्टेंबरला तिथे कामगार दिन आहे. त्या सोमवारी मंजुरीची वाट पाहू नये.

सुट्यांची यादी एकदा भरून ठेवली की झाले, असेही नाही. ईद-ए-मिलादची मुंबईतली सार्वजनिक सुटी २०२४ मध्ये १६ सप्टेंबरवरून १८ वर आणि २०२५ मध्ये ५ वरून ८ सप्टेंबरवर नेण्यात आली. दोन्ही वेळा अनंत चतुर्दशी जवळ होती. यादीवर एका माणसाचे नाव हवे, जो असा बदल त्याच दिवशी तक्त्यात उतरवेल.

रजांचे काय? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने आठ दिवसांची नैमित्तिक रजा आणि आठ पगारी सुट्या दिल्या आहेत. रजा होणार हे गृहीतच धरायला हवे. माणसे ती आधी सांगत नाहीत, कारण सांगितली की कपाळाला आठ्या पडतात. तारीख कबूल करण्यापूर्वी प्रत्येकाला विचारणे हे गटप्रमुखाचे काम आहे, आणि नंतर त्या रजेला हात न लावणे हेही. यंदा लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला आहे आणि पाडवा मंगळवारी. मधल्या सोमवारी कोण येणार, हा प्रश्न गणपतीपूर्वीच विचारावा.