भाव बाजारात, हिशोब बांधावर



तालुक्याच्या गावाहून एसटीने निघालात की खिडकीतून पाहा. गाव संपता संपता पालक, मेथी, कोथिंबिरीचे वाफे दिसतात आणि मध्येच म्हशींचे गोठे. आणखी थोडे पुढे वांगी, टमाटे. मग उंच ताटांची ज्वारी. त्यानंतर दोन्ही बाजूंना कपाशीच कपाशी, आणि अगदी टोकाला माळ, गवत, शेळ्या-मेंढ्या. जमीन तीच काळी, पाऊस तोच बेभरवशाचा, तरी पिकांची ही कडी गावाभोवती कुणी आखली? लोक म्हणतात, जवळचे शेतकरी हुशार, लांबचे मागासलेले. कृषी खात्याचे साहेबही मेळाव्यात हेच सांगतात: कापूस सोडा, भाजीपाला करा. हुशारीचा इथे काही संबंध नाही. हा भाड्याचा आणि नासाडीचा हिशोब आहे, आणि तो दोनशे वर्षांपूर्वी एका शेतकऱ्यानेच मांडून ठेवला आहे.

जर्मनीच्या उत्तरेला मेक्लेनबुर्ग नावाचा मुलूख आहे. तिथल्या टेलो गावी योहान फॉन थ्यूनेन याने १८१० साली शेती घेतली. गडी मोठा चिकट. पेरणीपासून गाडीच्या वंगणापर्यंत प्रत्येक गोष्टीची वही त्याने वर्षानुवर्षे लिहिली, आणि त्या वह्यांच्या आधारावर १८२६ साली पुस्तक छापले. त्याने कल्पना केली की सपाट मैदानात मधोमध एकच शहर आहे, सगळीकडे जमीन सारखी आहे, नदी नाही, रेल्वे नाही, माल घोडागाडीनेच जातो. मग कुठल्या अंतरावर काय पेरले तर शेतकऱ्याच्या हातात जास्त उरेल?

त्याचे गाडीचे गणित आपल्या बैलबंडीवाल्याला लगेच कळेल. चार घोड्यांची गाडी २४०० पौंड ओझे नेते. शेत शहरापासून ५ जर्मन मैलांवर, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटरवर असेल तर जाऊन येऊन दोन दिवस लागतात, आणि तेवढ्यात घोडे १५० पौंड दाणा खातात. तो दाणा त्याच गाडीतला. शिवाय गाडीवानाची मजुरी, गाडीची झीज. शहरात राय धान्याच्या एका मापाला दीड थेलर भाव असेल तर ५ मैलांवरच्या शेतात त्याची किंमत १.३ थेलर राहते, ३० मैलांवर जेमतेम अर्धा थेलर, आणि ५० मैलांच्या आसपास शून्य. भाव पडलेला नाही, बाजार तेजीत आहे, तरी शेतावर त्या धान्याला किंमत नाही, कारण सगळे धान्य वाटेतच संपले. म्हणून त्याच्या नकाशात शहराला लागून दूध आणि भाजी, मग जळणाचे जंगल, मग धान्याची तीन कडी, आणि सर्वांत बाहेर जनावरे. कारण जनावर स्वतःच्या पायांनी बाजारात चालत येते. लाकूड इतके जवळ पाहून हसू येईल, पण तेव्हा शहराची चूल लाकडावर पेटत होती आणि लाकडाएवढा जड, स्वस्त माल दुसरा नव्हता.

आता हाच हिशोब आपल्या शिवारात करून पाहू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपले घालावेत. समजा, कोरडवाहू कापूस एकरी ५ क्विंटल झाला, भाव ७००० रुपये. ३५००० आले, खर्च २२००० वजा जाता गावाच्या वेशीवर १३००० उरले. वांग्याचे एकरी ८० क्विंटल निघाले, भाव ६०० रुपये. ४८००० आले, खर्च २८०००, उरले २००००. साहेब इथेच थांबतात आणि टाळ्या घेतात.

पण भाडे अजून धरलेले नाही. वांग्याला क्विंटलमागे दर किलोमीटरला २ रुपये धरा. कापूस फुगीर, गाडी लवकर भरते, म्हणून त्याला ३ रुपये धरा. क्विंटलच्या दराने पाहिले तर कापूसच महाग पडतो. एकराच्या दराने पाहा. वांग्याच्या एकराला दर किलोमीटरमागे १६० रुपये जातात, कापसाच्या एकराला १५. सगळी खुबी इथे आहे. भाडे क्विंटलवर मोजले की फसगत होते, ते एकरावर मोजावे लागते; ज्या पिकाचे एकरी वजन जास्त, ते गावाकडे ओढले जाते. या हिशोबाने ४८ किलोमीटरपर्यंत वांगे पुढे आहे, त्यापलीकडे कापूस.

आणि नासाडी अजून बाकीच आहे. पहाटेच्या लिलावाला माल लावायचा तर २० किलोमीटरच्या आतला शेतकरी रात्री उशिरा निघून पोचतो. त्यापलीकडच्याला संध्याकाळी तोडून रात्रभर माल गोण्यांत दाबून ठेवावा लागतो. समजा, दहात एक क्विंटल नरमला. ८ क्विंटल गेले, म्हणजे ४८०० रुपये, आणि त्या नासक्या मालाचेही भाडे दिलेलेच. २० किलोमीटरच्या आत वांग्याचे १६८०० उरत होते आणि कापसाचे १२७००. रेघ ओलांडली की वांग्याचे १२००० झाले, कापसाचे तेवढेच राहिले. भाड्याने ४८ वर ओढलेली रेघ नासाडीने २० वर आणली. भाडे हळूहळू चढत जाते. नासाडी मात्र एका पायरीने अंगावर येते. कापूस घरात महिनाभर पडला तरी सडत नाही, म्हणून तो लांबच्या शिवारात टिकून आहे.

ज्वारीचे तर आणखी गमतीचे आहे, कारण एकाच ताटावर दोन कड्यांचा माल उभा असतो. दाणा जड आणि टिकाऊ, तो लांब जातो. कडबा हलका पण जागा खाणारा. ज्या गाडीत पंधरा क्विंटल दाणा बसतो तीत पाच-सहा क्विंटल कडब्यातच पेंढ्या टपापर्यंत पोचतात. म्हणून कडब्याला क्विंटलमागे दर किलोमीटरला ५ रुपये धरा. एकरी २० क्विंटल कडबा, भाव ५०० रुपये, म्हणजे १०००० चा माल आणि दर किलोमीटरला १०० रुपये भाडे. १०० किलोमीटरवर तो कडबा फुकट. म्हणून गोठ्यांजवळचा शेतकरी ताटाकडे बघून ज्वारी पेरतो आणि लांबचा दाण्याकडे बघून. लांबच्याचा कडबा घरच्या बैलांच्याच दावणीत जातो. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली, दाणा भरपूर पण ताट ठेंगणे. कडब्यावर ज्याचे घर चालत होते तो तिला नाक मुरडत होता, आणि त्याच्या जागी त्याचे बरोबरच होते. कुट्टी करून, दाबून गठ्ठे बांधले की त्याच गाडीत जास्त कडबा बसतो आणि कडे बाहेर सरकते. दुष्काळात कडब्याचा भाव चढतो, तेव्हाही ते सरकते. अगदी कडेलोट झाला की जनावरांपर्यंत चारा नेण्याऐवजी जनावरेच छावणीपर्यंत चालत नेली जातात. थ्यूनेनचे शेवटचे कडे ते हेच.

माल लांबचा असेल तर त्याला हलका आणि टिकाऊ करायचा, ही युक्ती आपल्या लोकांना कुणी शिकवावी लागली नाही. सायकलवर कॅन लावून दूध जिथपर्यंत न फाटता पोचते तिथपर्यंत दूध विकले जात होते. त्याच्या पलीकडे खवा: चार-पाच लिटर दुधाचा एक किलो. भूमच्या अवर्षणी पट्ट्यातला खवा यातूनच उभा राहिला. त्याहून लांब तूप. पुढे शीतकरण आले आणि १९४५ पासून आणंदचे दूध चारशेहून अधिक किलोमीटरवरच्या मुंबईला जाऊ लागले. दुधाचे कडे एकदम फुटले. कापसात हे काम जिनिंग करते. ५ क्विंटल कापसात रुई साधारण १७० किलो, म्हणजे एक गाठ. बाकी बहुतेक सरकी. रेल्वेच्या आधी वऱ्हाडचा कापूस तांड्यांच्या बैलांवर लादून मिर्झापूरपर्यंत जात असे. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली आणि पुढच्या काळात रेल्वेच्या आसपास जिनिंगच्या चिमण्या उभ्या राहिल्या. दोन-तृतीयांश वजन जवळच उतरवून ठेवले तर उरलेल्याचे भाडे झेपते.

हिशोबाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. विहिरीला पाणी नसेल तर गावाला खेटून असलेल्या शेतातही कपाशीच येणार. चांगला डांबरी रस्ता कड्याला आपल्या बाजूने लांबट ओढतो. नाल्यापलीकडचे पाच किलोमीटर पावसाळ्यात पन्नास होतात. वाढत्या शहरालगत तर उलटेच चालते. रॉबर्ट सिंक्लेअर या अभ्यासकाने १९६७ साली अमेरिकेतल्या शहरांबद्दल लिहिले होते की शहराच्या अगदी जवळची जमीन पिकाऐवजी प्लॉटच्या आशेवर पडीक राहते. आपल्याकडेही पहिल्या कड्यात आता मेथीपेक्षा ले-आऊटचे दगड जास्त उगवतात. आणि जवळच्या जमिनीचा फायदा कसणाऱ्याला मिळतोच असे नाही. तो मक्त्याच्या रकमेत शिरतो. मक्त्याने शेत करणारा भाजीवाला भाडे वाचवतो आणि ते मालकाला मोजतो.

आता आपल्या घरातली गोष्ट. सरकार हमीभाव जाहीर करते तो खरेदी केंद्रावरचा, बांधावरचा नव्हे. केंद्र १५ किलोमीटरवर असेल आणि ते बंद करून ६० किलोमीटरवर नेले, तर वरच्याच दराने क्विंटलला १३५ रुपये भाडे वाढले, एकराला ६७५. हमीभावाच्या कागदावर एक अक्षर बदलले नाही, विधानसभेत प्रश्न आला नाही, आणि त्या पंचक्रोशीचा भाव १३५ रुपयांनी कमी झाला. वर काट्यासमोर गाडी दोन रात्री उभी राहिली तर तिचे खोटीभाडे वेगळे, आणि ओलावा जास्त म्हणून माल परत केला तर जाण्याचे भाडे बुडाले, येण्याचे अंगावर. गावात येऊन कमी भावाने वेचणारा खेडा खरेदीवाला या फरकावरच जगतो. त्याने हमीभावापेक्षा १५० कमी दिले तर तो लुटतो आहे की केंद्राच्या अंतराची किंमत वसूल करतो आहे, हे भाड्याची पावती हातात असल्याशिवाय सांगता येत नाही.

तेव्हा जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन आकडे लिहून आणावेत: बांधापासून खरेदी केंद्राच्या काट्यापर्यंतचे किलोमीटर, यंदा कापसाला दिलेले क्विंटलमागचे भाडे, आणि गाडी किती रात्री उभी राहिली. हमीभावातून हे वजा करून गावागावाचा खरा भाव एका कागदावर मांडू आणि केंद्र कुठे हवे याची मागणी त्याच कागदावर लिहू.