सात, पंधरा आणि आमचा वजनदार भाचा

परवा पुण्याहून भाचा रहिमतपूरला आला होता. तालमीत वाढलेलं पोर, वजन १०४ किलो. कॉलेजात रग्बी खेळायला लागला होता. "मामा, आता संघ फक्त सातजणांचा होणार. त्यात माझं काय काम?" एवढंच म्हणाला आणि जेवायला बसला.

मी आयुष्यभर कबड्डी पाहिलेला माणूस. सातजणांची रग्बी म्हणजे रग्बीतलं ट्वेंटी-२० असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. ट्वेंटी-२० मध्ये षटकं कमी होतात, पण मैदानावर अकराच्या अकरा क्षेत्ररक्षक असतात. इथे मैदान तेवढंच राहतं, साधारण १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद. माणसं मात्र निम्म्याहून कमी.

हिशोब करून बघा. पंधराच्या खेळात दोघं मागे ठेवले तरी तेरा जण आडवे उभे राहतात. एकेकाच्या वाट्याला जवळजवळ साडेपाच मीटर येतात. एकाची पकड सुटली तर शेजारचा धावून येतो. साताच्या खेळात एक मागे ठेवून सहा उरतात, म्हणजे एकेकाला जवळजवळ बारा मीटर! पकड सुटली की पुढे मोकळं रान. शिवाय पाडलेल्या माणसाजवळच्या चेंडूसाठी दोघं झटायला गेले की रांगेत चारच राहतात. म्हणून हुशार संघ तिथे माणसं घालवतच नाहीत.

एवढं रान राखायचं तर सतत पळावं लागतं, आणि तसं ८० मिनिटं कोण पळेल? म्हणून सात-सात मिनिटांचे दोन डाव. पण वेळ कमी म्हणजे चूक भरून काढायलाही वेळ नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात फिजीने ब्रिटनविरुद्ध मध्यंतरालाच २९-० केलं होतं. सामना तिथेच संपला होता. शेवटी ४३-७. तोच फिजी पंधराच्या विश्वचषकात आजवर उपांत्यपूर्व फेरीपलीकडे गेलेला नाही. तिथे आठजणांचा स्क्रम असतो, रेटारेटी असते, आणि समोरच्याला तासभर दमवून शेवटच्या वीस मिनिटांत मोडणं असतं. साताच्या स्क्रममध्ये तिघंच, आणि त्यांनाही लगेच उठून पळायचं असतं.

ऑलिंपिकमध्ये सातांचाच खेळ आहे आणि चौदा पोरांत सामना होतो. त्यामुळे शाळा-कॉलेजं तिकडे वळतात हे मला समजतं. गावाकडे तीस पोरं जमवणं सोपं नाही. तरीही पोरांना फक्त सातांचाच खेळ देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पंधराच्या खेळात जाड्याला, बुटक्याला, उंचाला, चपळाला, प्रत्येकाला ठरलेली जागा आहे. सातांच्या खेळात एकाच घडणीची माणसं टिकतात.

भाचा निघताना म्हणाला, "वजन उतरवतो मामा."

मी हो म्हणालो नाही. त्याच्या अंगात जे आहे ते उतरवायला लावणारा खेळ त्याचा कसा? पंधरावाला एखादा क्लब मिळतो का, ते आता आम्ही दोघं शोधतोय.