न लिहिलेल्या वाक्याचा अर्थ

महाविद्यालयात शिकविणाऱ्या प्रत्येकाला वर्षातून दहापाच वेळा तरी शिफारसपत्र लिहावे लागते. हे काम कोणी फारसे मनावर घेत नाही. जुन्या पत्राची प्रत पुढे ठेवावी, नाव बदलावे, सही करावी आणि शिक्क्यासाठी कार्यालयाकडे धाडावे, अशी सर्वसाधारण रीत. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकानेही एका विद्यार्थिनीसाठी असेच पत्र लिहिले. अर्थशास्त्राच्या पुढील अभ्यासासाठी ती परदेशातील एका विद्यापीठाकडे अर्ज करीत होती. तिचे इंग्रजी चांगले आहे, ती तासांना नियमितपणे हजर असे आणि तिची वर्तणूक समाधानकारक आहे, एवढेच मी लिहिले. त्यातील अक्षर न् अक्षर खरे होते. पत्र रवाना झाल्यावर त्याची प्रत माझ्या एका स्नेह्यांच्या पाहण्यात आली. त्यांनी परदेशात बरीच वर्षे अध्यापन केले होते आणि अशा अर्जांची छाननीही केली होती. प्रत वाचून त्यांनी शांतपणे विचारले, "या मुलीत काय खोट आहे?"

मी चकित झालो. म्हणालो, "खोट कसली? ती त्या वर्गातील सर्वांत बुद्धिमान मुलगी होती."

"मग तसे लिहिले का नाहीत?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मुलीला त्या वर्षी प्रवेश मिळाला नाही. त्याचे कारण माझे पत्रच होते असे म्हणता येणार नाही. तसा पुरावा कोणाहीपाशी नसतो. परंतु तो प्रश्न मनातून गेला नाही, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी पॉल ग्राइस या इंग्रज तत्त्वज्ञाच्या लिखाणापर्यंत पोचलो. ग्राइसने 1967 साली हार्वर्ड विद्यापीठात काही व्याख्याने दिली. त्यांतील संभाषणाच्या तर्कशास्त्रावरील भाग 1975 मध्ये छापून प्रसिद्ध झाला. त्यात दिलेले एक उदाहरण वाचून मी ओशाळलो. तत्त्वज्ञानाच्या अध्यापकपदासाठी अर्ज करणाऱ्या एका विद्यार्थ्याबद्दल त्याचा गुरू पत्र लिहितो, आणि त्यात एवढेच म्हणतो की, त्याचे भाषेवर प्रभुत्व आहे व तो नियमित हजर असे. जवळजवळ माझेच पत्र!

ग्राइसचे म्हणणे थोडक्यात असे. संभाषण हा एक सहकाराचा व्यवहार आहे आणि त्यात भाग घेणारे काही संकेत पाळतात असे आपण गृहीत धरतो. बोलणारा प्रसंगाला हवी तितकी माहिती देईल, कमी नाही व जास्तही नाही. हा प्रमाणाचा संकेत. तो खोटे किंवा निराधार बोलणार नाही, हा सत्यतेचा. तो विषयाला धरून बोलेल, हा संबंधाचा. आणि तो स्पष्ट, नेटके व क्रमाने बोलेल; हा रीतीचा. वर्गीकरणाची ही चौकट ग्राइसने कांटकडून घेतली आहे. यात विशेष ते काय, असे कोणीही विचारील. विशेष आहे ते संकेत मोडण्यात.

मोडण्याचे प्रकार दोन. घर विकणारा मनुष्य पावसाळ्यात छत गळते ही गोष्ट गुपचूप गाळतो तेव्हाही प्रमाणाचा संकेत मोडतोच. पण मोडल्याचे ऐकणाऱ्याला कळू नये हीच त्याची इच्छा असते. ती फसवणूक. दुसरा प्रकार याच्या नेमका उलट. येथे बोलणारा संकेत उघडउघड मोडतो, आपण तो मोडीत आहोत हे समोरच्याला दिसावे अशाच बेताने मोडतो. ऐकणारा तेव्हा एका पेचात सापडतो. समोरचा माणूस सहकार करीत आहे असे तर वाटते, पण त्याचे शब्द त्या सहकाराशी जुळत नाहीत. हा पेच सोडविण्यासाठी तो जो न बोललेला अर्थ बोलणाऱ्याच्या पदरी घालतो, तोच सूचितार्थ.

पत्राच्या उदाहरणात हे पायरीपायरीने पाहता येते. वाचणारा मनाशी म्हणतो: या गुरूला सहकार करायचाच नसता तर त्याने पत्रच लिहिले नसते. त्याला माहिती नाही असेही नाही, कारण उमेदवार त्याच्याच हाताखाली शिकला आहे. आम्हाला विषयातील गतीबद्दल ऐकायचे आहे, हेही तो जाणतो. तरीही तो त्याबद्दल अवाक्षर काढीत नाही. तेव्हा त्याला असे काही सांगायचे असले पाहिजे, की जे कागदावर उतरविणे त्याच्या जिवावर येते. ते काय असेल? उमेदवाराला विषयात गती नाही, हेच. यांतील एकही पायरी पत्रात नाही, तरी वाचणारा क्षणार्धात शेवटच्या पायरीवर उभा असतो.

इतर तीन संकेतांची कथाही अशीच. परीक्षेच्या कामात आयत्या वेळी दांडी मारणाऱ्या सहकाऱ्याला आपण "फार उपकार केलेत" म्हणतो, तेव्हा सत्यतेचा संकेत इतका ढळढळीत मोडलेला असतो की ऐकणारा उलटच अर्थ घेतो. शिक्षकांच्या खोलीत कोणी प्राचार्यांविषयी भलतेसलते बोलू लागला आणि दुसऱ्याने एकदम "यंदा पाऊस लांबणार बहुधा" म्हटले, की संबंधाचा संकेत मोडला. पहिला गप्प होतो, आणि शहाणा असेल तर दाराकडे पाहतो. रीतीचे ग्राइसचे उदाहरण गमतीचे आहे. एक समीक्षक अमुक बाई अमुक गीत गायल्या असे न लिहिता, त्या गीताच्या स्वरलिपीशी बरेच जुळणारे ध्वनी त्यांनी काढले असे लिहितो. सरळ शब्द हाताशी असताना वळसा घेतला, यातच त्या गायनाविषयीचा अभिप्राय आला.

आपल्या साहित्यशास्त्राची ओळख असलेला वाचक म्हणेल की, व्यंजना आम्हाला नवव्या शतकातील आनंदवर्धनापासून ठाऊक आहे. म्हणणे रास्त आहे. मात्र लक्षणेत मुख्यार्थाचा बाध शब्दांतच होतो. गंगेवर गवळीवाडा आहे म्हटले की प्रवाहावर वस्ती असूच शकत नाही. माझ्या पत्रात शब्दांना कसलाच बाध नव्हता. बाध होता तो लिहिणाऱ्याच्या वागणुकीत: एवढेच का लिहिले?

आता मूळ प्रश्न. मला तर काहीच सुचवायचे नव्हते. मग त्या पत्रातून दोष निघाला कसा? याचे उत्तर वरच्या पायऱ्यांतच आहे. लिहिणाऱ्याला जास्त लिहिण्याची अपेक्षा ठाऊक आहे, ही एक पायरी माझ्या बाबतीत खोटी होती. आमच्याकडे दोन ओळींचे पत्र हाच शिरस्ता. त्यात संकेत मोडलेलाच नसतो, म्हणून स्थानिक वाचक त्यातून काही काढीत नाही. परदेशातील वाचकाला तो शिरस्ता माहीत नव्हता, आणि मला त्याची अपेक्षा. जे मी अजाणता केले ते त्याने जाणूनबुजून केलेले मानले.

ही अडचण माझी एकट्याची नव्हे. एलिनॉर कीनन या संशोधिकेने मादागास्करमधील एका गावच्या बोलण्यावर 1976 साली लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. तुझी आई कोठे आहे, असे तेथे विचारले असता "घरात असेल नाहीतर बाजारात" असे उत्तर मिळू शकते. आपण यावरून उत्तर देणाऱ्याला नक्की ठाऊक नाही असे समजू. तेथील ऐकणारा सहसा तसे समजत नाही. नवी माहिती ही तेथे दुर्मीळ आणि मोलाची वस्तू. शिवाय नेमके सांगितले तर परिणामांची जबाबदारी अंगावर येते. त्यामुळे कमी सांगणे हीच सर्वसाधारण रीत आहे. कीननचा दावा असा नाही की तेथे प्रमाणाचा संकेतच नाही. किती माहिती अपेक्षित आहे, हे प्रसंगाप्रमाणे व समाजाप्रमाणे बदलते, एवढेच तिचे म्हणणे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक ओळखीची गोष्ट दिसेल. ग्रॉसमन आणि मिलग्रॉम या अर्थशास्त्रज्ञांनी 1981 साली स्वतंत्रपणे दाखविले की, विक्रेत्याला मालाची प्रत ठाऊक आहे, आणि तो ती पडताळता येईल अशा रीतीने सांगू शकतो, हे गिऱ्हाइकाला माहीत असेल तर विक्रेत्याचे मौन म्हणजे वाईट माल असेच ते समजते. उत्तम मालवाला बोलतो. मग त्याच्याखालचा बोलतो, कारण गप्प बसला तर त्याची गणना आणखी खालच्यांत होईल. अशा रीतीने शेवटी गप्प राहतो तो सर्वांत वाईट मालवालाच. पण विक्रेत्याला प्रत ठाऊक आहे याचीच शंका असेल, तर मौनातून काही निघत नाही. अट तीच, जी माझ्या पत्रात हुकली.

अजाणता झालेली चूक एकवेळ समजू शकते. माझा खरा आक्षेप आहे तो जाणूनबुजून असे लिहिणाऱ्यांवर. उघड बोललेल्या वाक्यापेक्षा सूचितार्थ एका बाबतीत वेगळा असतो: तो नाकारता येतो. "मी कोठे म्हटले तो नालायक आहे म्हणून?" असे तो गुरू शपथेवर सांगू शकतो. निर्णय त्याने दिला, पण उत्तरदायित्व घेतले नाही. आणि ज्याच्याविषयी तो दिला त्याला खोडून काढण्यासाठी एक वाक्यही मिळत नाही. भिडस्तपणा म्हणून हा प्रकार आपल्याकडे खपून जातो. मला तो भित्रेपणा वाटतो.

जर्मनीत नोकरी सोडणाऱ्याला मालकाकडून दाखला मिळविण्याचा कायदेशीर हक्क आहे, आणि तो दाखला खरा तसाच सद्भावाने लिहिलेला असावा अशी अपेक्षा असते. दोन्ही एकदम साधण्यासाठी तेथे एक सांकेतिक भाषाच रूढ झाली. काम "नेहमी पूर्णतम समाधान" देणारे होते असे लिहिले तर उत्कृष्ट. नुसते "समाधान" म्हटले तर जेमतेम. आणि त्याने "प्रयत्न केला" असे लिहिले की उमेदवार निकालात निघाला. शेवटी कायद्याला दखल घ्यावी लागली. शब्दांवरून दिसतो त्याहून वेगळा अर्थ पोचविण्यासाठी योजलेली वाक्ये दाखल्यात असू नयेत, असे कलम 2003 पासून तेथील उद्योगविषयक कायद्यात आहे. तरी सांकेतिक भाषा संपलेली नाही. संपेल कशी? वाचणाऱ्याच्या मनात चालणाऱ्या पायऱ्यांना बंदी घालता येत नाही.

लिहिणाऱ्याला मात्र त्या पायऱ्या अडविता येतात, आणि तेही सोप्या रीतीने. शिफारस करायची नसेल तर पत्र देण्यास सरळ नकार द्यावा. दुसऱ्या शिक्षकाकडे जाण्याची संधी तरी विद्यार्थ्याला मिळते. आणि पत्र लिहायचेच तर, ज्याबद्दल आपण लिहीत नाही त्याचे कारण लिहावे. "मी हिला एकच विषय शिकविला, त्यामुळे तिच्या गणिताबद्दल सांगू शकत नाही" या एका वाक्याने ते मौन निरुपद्रवी होते, कारण वाचणाऱ्याला कोडेच उरत नाही. वर्तणुकीचा दाखला आणि शिफारसपत्र हे दोन कागदही कार्यालयांनी वेगळे ठेवावेत. पहिल्यात दोन ओळी पुरतात.

ती विद्यार्थिनी दुसऱ्या वर्षी पुन्हा पत्र मागण्यास आली. या वेळी मी तिला समोर बसविले आणि तिने लिहिलेला निबंध पुन्हा वाचायला घेतला. पत्र दीड पानाचे झाले. निबंधातील कोणता युक्तिवाद तिचा स्वतःचा होता हे त्यात होते, आणि तिची संख्याशास्त्राची तयारी कच्ची आहे हेही होते. ते वाक्य वाचून तिचा चेहरा उतरला. "सर, हे काढता येणार नाही का?" तिने विचारले. मी म्हटले, "काढता येईल. पण मग ती जागा रिकामी दिसेल, आणि तेथे काय होते याचा अंदाज तेच बांधतील." तिने थोडा विचार केला आणि वाक्य तसेच राहू दिले.