सरासरीच्या आड राहिलेली मुले

पालकसभेत निकाल सांगताना वर्गाची सरासरी सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. 'ब तुकडीची सरासरी अ तुकडीपेक्षा एका गुणाने अधिक' एवढे ऐकले की ब तुकडीचे पालक समाधानाने घरी जातात आणि अ तुकडीच्या वर्गशिक्षकांना उगाच मान खाली घालावी लागते. माझे नम्र मत असे, की दोन तुकड्यांची तुलना या एका आकड्यावर करू नये. ती चतुर्थकांवर करावी. त्यासाठी आठवीतील मुलालाही काढता येईल अशी 'बॉक्स प्लॉट' नावाची आकृती उपलब्ध आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. ५० गुणांची गणिताची घटक चाचणी झाली आणि प्रत्येक तुकडीत १५ विद्यार्थी आहेत. त्यांचे गुण चढत्या क्रमाने असे :

अ : १८, २०, २१, २२, २३, २४, २५, २६, २७, २८, २८, २९, ३०, ३३, ३६

ब : ६, ८, १०, १२, १७, २४, २६, २८, ३३, ३५, ३७, ४०, ४२, ४३, ४४

अ तुकडीची सरासरी २६ येते, ब तुकडीची २७. आता रांगेतील मधोमध असलेला, म्हणजे आठवा विद्यार्थी पाहा. त्याचे गुण हा मध्यक. त्याच्या खाली सात मुले उरतात. त्या सातांतील मधल्याचे गुण हा पहिला चतुर्थक. वरच्या सातांतील मधल्याचे गुण हा तिसरा चतुर्थक. अ तुकडीत हे आकडे २२, २६ आणि २९ आहेत. ब तुकडीत १२, २८ आणि ४०.

० ते ५० अशी संख्यारेषा आखून तिच्यावर पहिल्या चतुर्थकापासून तिसऱ्यापर्यंत एक पेटी काढावी, मध्यकावर पेटीत उभी रेघ मारावी आणि दोन्ही बाजूंना सर्वांत कमी व सर्वांत अधिक गुणांपर्यंत एकेक आडवी रेघ न्यावी. दोन्ही तुकड्यांच्या पेट्या एकाखाली एक आल्या, की सरासरीने झाकलेली गोष्ट उघडी पडते. अ तुकडीची पेटी केवळ ७ गुण रुंद आहे, ब तुकडीची २८. उत्तीर्ण होण्यास १८ गुण लागत असतील, तर अ तुकडीत सारेच उत्तीर्ण आहेत. 'पुढे असलेल्या' ब तुकडीत मात्र पाच मुले अनुत्तीर्ण आहेत. त्याच ब तुकडीचा तिसरा चतुर्थक अ तुकडीतील पहिल्या क्रमांकाच्या मुलाहूनही वर आहे. म्हणजे ब तुकडीत एकाच फळ्यासमोर दोन निराळे वर्ग बसले आहेत, आणि त्यांना एकच धडा एकाच गतीने शिकवला जात आहे.

ही आकृती वाचताना एक चूक हमखास होते. पेटीचा लांब भाग पाहून तेथे अधिक मुले असावीत असे वाटते. वस्तुतः प्रत्येक भागात जवळपास चौथा हिस्साच मुले असतात. लांबी सांगते ती त्यांच्या गुणांतील पांगापांग. ब तुकडीत १२ आणि २८ यांच्या दरम्यान तीन मुले आहेत, आणि ४० च्या वरच्या अरुंद पट्ट्यातही तीनच.

आकृतीला मर्यादाही आहेत. वर्गात मुले किती हे ती सांगत नाही, आणि १७ व २४ यांच्यामध्ये कोणीच नाही हेही तिच्यातून दिसत नाही. म्हणून मूळ यादी हाताशी ठेवावी. चतुर्थक काढण्याच्या रीतीही एकाहून अधिक आहेत. संगणकावर QUARTILE.INC हे सूत्र वापरल्यास ब तुकडीचा पहिला चतुर्थक १२ ऐवजी १४.५ येतो. दोन्ही उत्तरे आपापल्या रीतीने बरोबरच आहेत. मात्र तुलना करताना दोन्ही तुकड्यांना एकच रीत लावली पाहिजे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. पुढील चाचणीत ब तुकडीतील वरच्या पाच मुलांनी प्रत्येकी तीन गुण अधिक मिळवले आणि बाकीचे जागीच राहिले, असे समजा. सरासरी २७ वरून २८ होईल आणि सभेत टाळ्या पडतील. पहिला चतुर्थक मात्र १२ वरच राहील. तो आकडा हलला तरच वसतिगृहातील सायंकाळचा अभ्यासवर्ग मागे पडलेल्या मुलांपर्यंत पोहोचला असे म्हणता येईल. म्हणून निकालपत्रकात सरासरीशेजारी पहिला चतुर्थकही छापावा, आणि पालकांनी सभेत आधी तोच विचारावा.